सातारकरांनो, नियतीनेच भेटवलंय हे असं सिद्ध करा

पोवई नाक्यावर कोणीतरी दोनदा दिसलं, हसलं, आणि तुम्हाला वाटलं की हे आपलंच माणूस, तर घाई करू नका, आधी दोघांच्या सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या कुंडल्या काढा आणि व्हर्टेक्स बघा. पूर्वेकडून निघून बरोबर डोक्यावरून पश्चिमेला उतरणारी कमान कल्पा, ती क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, पश्चिमेकडे जिथे छेदते तो व्हर्टेक्स, तिथे कुणाचा ग्रह आला की भेट ठरलेलीच असते म्हणे.

आता साताऱ्याचं भाग्य बघा. आपला अक्षांश साडेसतरा अंशांच्या जरा वर, म्हणजे साडेतेवीसच्या आत, त्यामुळे इथला व्हर्टेक्स बारा राशी फिरतच नाही. मेषेच्या किंवा तुळेच्या सुरुवातीपासून पन्नासेक अंश इकडे-तिकडे, बस्स. मिथुन, कर्क, धनु, मकर? अख्ख्या जन्मात नाही! दोघंही साताऱ्यात जन्मलेले असाल तर व्हर्टेक्सला व्हर्टेक्स चिकटायचा चान्स उगाचच वाढतो, पण हे समोरच्याला सांगायचं नाही, फक्त "बघ ना, किती रेअर" म्हणायचं.

शिवाय दिवसातून दोनदा क्रांतिवृत्त डोक्यावर येतं तेव्हा हा व्हर्टेक्स वीस वृश्चिकेवरून टुणकन वीस वृषभेत जातो, नाहीतर दहा कुंभेवरून दहा सिंहेत उडी मारतो. त्या सुमारास जन्म असेल आणि वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर नियती थेट समोरच्या राशीत. घाबरू नका, समोरच्या टोकाला अँटीव्हर्टेक्स म्हणतात आणि तोही धरतात.

डिसेंडंटचं, म्हणजे जन्मवेळी पश्चिम क्षितिजावर मावळणाऱ्या क्रांतिवृत्ताच्या बिंदूचं, मात्र सांभाळून. तो चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो. समजा दाखल्यावर जन्म सव्वासातचा, डिसेंडंट 12 तूळ, तिचा शुक्र 11 तूळ, दोन अंशांच्या ऑर्बमध्ये, म्हणजे चालवून घ्यायच्या फरकात, एकदम फिट, लग्नच. मग आई म्हणते, "अरे तू सातलाच झालास, नर्सने नंतर लिहिलं." झालं, डिसेंडंट सव्वाआठच्या आसपास, अंतर पावणेतीन अंश, शुक्र बाहेर. म्हणून आईला विचारू नका. विचारलंच असेल तर ऑर्ब तीन करा.

तीन केला की मजाच. तिचे दहा ग्रह तुमच्या व्हर्टेक्स आणि डिसेंडंट या दोन अक्षांवर, तुमचे दहा तिच्या दोन अक्षांवर, म्हणजे चाळीस प्रयत्न, आणि प्रत्येकाला तीसात एक संधी, कारण दोन्ही टोकं मिळून 360 पैकी बारा अंश पकडलेत. सरासरी एकाहून जास्त स्पर्श कुणाशीही निघतो. एसटीच्या कंडक्टरशीसुद्धा, फक्त त्याची जन्मवेळ मिळवा.

तरीही काही लागलं नाही तर प्लूटो धरा. तो वर्षात दोनेक अंशच सरकतो, त्यामुळे तुमच्या व्हर्टेक्सवर तिचा असेल तर तुमच्या दहावीच्या बॅचमधल्या जवळपास सगळ्यांचाच असणार. यातली कुठली भेट नियतीची ते तुम्हीच ठरवा, बाकीच्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायची गरज नाही.