अनिर्णेय प्रश्नांतही चढती भाजणी असते

«हॉल्टिंग प्रॉब्लेम काय नि दुसरा कुठला काय, अनिर्णेय म्हणजे अनिर्णेय. सगळे सारखेच अशक्य. आणि उद्या एखाद्या जादूच्या पेटीने हॉल्टिंग सोडवलाच, तर सगळंच सुटेल.»

असं म्हणणारे भेटतात. हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणजे दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल की कायम चालत राहील, हे सांगणं. अनिर्णेय म्हणजे ज्याचं नेहमी बरोबर उत्तर कुठलाही प्रोग्राम देऊ शकत नाही, असा प्रश्न. पण «सारखेच अशक्य» म्हणताना एक अट विसरली जाते: हे प्रश्न अशक्य आहेत ते कुणाच्याही मदतीशिवाय चालणाऱ्या प्रोग्रामला. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 1939 च्या निबंधात ही मदत देऊ केली. मशीनला गणित करता करता मध्येच एक प्रश्न ऑरॅकलला विचारता येतो आणि हो किंवा नाही असं खरं उत्तर मिळतं. ते कसं मिळालं, हे विचारायचं नाही. ‘ब’चा ऑरॅकल हाताशी असताना ‘अ’ सुटत असेल, तर ‘अ’चं ‘ब’मध्ये ट्युरिंग रिडक्शन झालं. म्हणजे ‘अ’ हा ‘ब’पेक्षा अवघड नाही. तुलना होते ती अशी.

आता ती पेटी. हॉल्टिंगचा ऑरॅकल मिळाला, तर 4 पासूनची प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा गोल्डबाखचा प्रश्न एका विचारण्यात निकालात निघेल:

```
n = 4
while is_sum_of_two_primes(n):
    n += 2
```

हा प्रोग्राम थांबतो का, एवढंच विचारायचं. थांबत नसेल तर अनुमान खरं.

पण दुसरा प्रश्न घ्या: दिलेला प्रोग्राम प्रत्येक इनपुटवर थांबतो का? एकेका इनपुटबद्दल ऑरॅकल सांगेल: 0 वर हो, 1 वर हो, 2 वर हो... कुठे «नाही» आलं तर काम झालं. ते आलंच नाही, तर आपण विचारतच राहू. मग या शोधाबद्दलच ऑरॅकलला विचारलं तर? इथेच घोडं अडतं. ऑरॅकलला फक्त साधे प्रोग्राम कळतात, आणि हा शोध स्वतःच ऑरॅकल वापरतो.

यावर एखादी चलाख युक्ती निघेल, असंही नाही. ऑरॅकल वापरणारी मशीनं थांबतात का, हे तसंच एखादं मशीन ओळखू शकलं असतं, तर त्याला स्वतःबद्दल विचारून नेमकं उलटं वागणारं मशीन बांधता आलं असतं. हॉल्टिंग अनिर्णेय आहे हे दाखवणारा ट्युरिंगचा जुना विरोधाभास पुन्हा उभा राहतो, फक्त एक पायरी वर. «प्रत्येक इनपुटवर थांबतो का» हा प्रश्न नेमका त्याच वरच्या पायरीवर आहे. त्याच्याही वर पायऱ्या आहेत, आणि त्या संपत नाहीत.

शिवाय ही सरळ शिडीही नाही. 1956–57 मध्ये मुचनिक आणि फ्रीडबर्ग या गणितज्ञांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, हॉल्टिंगहून सोपे पण अनिर्णेय असे प्रश्न रचले. त्यातले दोन तर असे की एकाच्या ऑरॅकलने दुसरा सुटत नाही.

सगळे सारखे वाटतात, याला मात्र कारण आहे. मुचनिक आणि फ्रीडबर्ग यांचे प्रश्न मुद्दाम रचलेले आहेत. गणितात आपसूक भेटणारे अनेक प्रश्न खरंच हॉल्टिंगच्याच पायरीवर निघाले. उदाहरणार्थ, हिल्बर्टचा दहावा प्रश्न: पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाला पूर्णांकांत उकल आहे का? 1970 मध्ये गणितज्ञ मातियासेविचने सिद्धतेचा शेवटचा दुवा जोडला आणि तो नेमका हॉल्टिंगइतकाच अवघड ठरला.