टण् की बद्द?

नवी फरशी बसली की चांगला पन्नाशीचा गृहस्थ रांगायला लागतो. हातात रुपयाचं नाणं, कान जमिनीजवळ. भरीव टाइल ‘टण्’ वाजते, पोकळ ‘बद्द’. मग मिस्त्रीला फोन जातो आणि ठरलेलं उत्तर येतं, ‘‘साहेब, माल ओला आहे, सुकला की आवाज जाईल.’’ मला विचाराल तर फरशीपेक्षा हे वाक्यच जास्त पक्कं बसलेलं आहे. सुकताना सिमेंट आकसतं. पोकळी असेल तर ती तिथेच राहते.

खरी गोम लाडवांत असते. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे मालाचे पाच लाडू थापायचे, टाइल दाबायची, लेव्हल मिळाली की पुढची घ्यायची. काम झटपट होतं, पण लाडवांच्या मधल्या जागेत हवाच राहते. त्या जागेवर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. व्हिट्रिफाइड टाइल तर पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे सिमेंटची नुसती स्लरी तिला नीट धरत नाही. शिवाय तिच्या पाठीवर भट्टीतली पांढरी पावडर असते. ती ओल्या फडक्याने पुसली नाही, तर माल पावडरीला चिकटतो आणि टाइल मोकळीच!

खालचा कोबा पक्का, सपाट आणि झाडलेला हवा. दोन बाय दोनच्या टाइलला 10 मिलिमीटर दात्यांची थापी घ्यावी. आधी थापीच्या सपाट बाजूने अ‍ॅडहेसिव्हचा पातळ थर कोब्यावर घासून घ्यायचा, मग दात्यांनी सगळ्या रेघा एकाच दिशेला ओढायच्या. गोल गोल नक्षी दिसते छान, पण तिच्यात हवा कोंडते. टाइलच्या पाठीलाही पातळ थर चोपडायचा. टाइल ठेवली की रेघांना आडवी पुढे-मागे सरकवत दाबायची, म्हणजे रेघा मोडतात आणि हवा बाहेर पडते. एका वेळी तीन-चार टाइलपुरतंच पसरावं. वरच्या थराला बोट लावून माल बोटाला लागला नाही, तर साय धरली समजा; खरवडून ताजा घ्या.

सुरुवातीलाच एक ताजी टाइल उचलून उलटी करा. पाठ कोपऱ्यांसकट माखलेली हवी. रेघा तशाच दिसल्या तर माल कमी पडतोय.

हिशेबानेही चोरी पकडता येते. 4 मिलिमीटर थराला 20 किलोची पिशवी साधारण 35 चौरस फुटांना, म्हणजे नऊएक टाइलना पुरते. 10 बाय 12 च्या खोलीत 30 टाइल बसतात, चार पिशव्या लागतात. दोनच फुटल्या असतील तर नाणं काढायचीही गरज नाही.

आता बसलेल्या फरशीचं काय? टाइलच्या मधोमध हाताएवढी जागा वाजते, पण टाइल हलत नाही आणि ग्राउटला चीर नाही, तर गुडघ्यांना विश्रांती द्या. कोपरा वाजत असेल किंवा ओळच्या ओळ वाजत असेल, तर मात्र ग्राउट कापून त्या टाइल काढायच्या, खालचा माल कोब्यापर्यंत खरवडायचा आणि नव्याने बसवायच्या. म्हणून त्याच बॅचची एक पेटी माळ्यावर ठेवावी. पुढे त्या छटेची टाइल मिळेलच असं नाही.