सात दिवस उशीर झालेलं जहाज कुठे जातं?

“ब्लँक सेलिंग म्हणजे भाडं वाढवायची युक्ती, बाकी काही नाही. दोन-तीन लाइनींकडे बुकिंग टाका आणि गोदामात महिन्याचा जादा माल ठेवा. मग जहाज येवो न येवो, काळजी नको.”

माल आयात करणाऱ्यांना हा सल्ला नेहमी ऐकायला मिळतो. ब्लँक सेलिंग म्हणजे लाइनीने, म्हणजे जहाज कंपनीने, ठरलेली फेरी रद्द करणं. यातला भाड्याचा मुद्दा निम्मा खरा आहे. २०२० च्या एप्रिल ते जून या काळात माल घटला, तेव्हा लाइनींनी फेऱ्यांमागून फेऱ्या रद्द केल्या आणि त्यामुळे भाडी कोसळली नाहीत. चिनी नववर्ष आणि तिथल्या ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर दरवर्षी असंच होतं. कारखाने बंद असल्यावर जहाजं रिकामी धाडण्यापेक्षा फेरी गाळणं लाइनीला परवडतं. पण अशा फेऱ्या सहसा काही आठवडे आधी जाहीर होतात. आपल्याला खरा फटका बसतो तो चार-सहा दिवस आधी कळलेल्या रद्द फेरीचा, आणि तिचं कारण बहुतेकदा वेगळं असतं.

चीन ते न्हावा शेवा अशी साप्ताहिक सेवा घ्या. जहाजाला पूर्ण फेरा मारून परत यायला ४२ दिवस लागत असतील, तर दर आठवड्याला एक जहाज सुटावं म्हणून सहा जहाजं लागतात. आता एका बंदरात धक्का मिळायला दोन दिवस, दुसऱ्या बंदरात धुक्यामुळे दीड दिवस, असा उशीर साचत जातो. वेग वाढवून एखाद-दोन दिवस भरून निघतात. त्यापुढे इंधनाचा खर्च वेगाच्या मानाने फारच झपाट्याने चढतो. साचलेला उशीर सात दिवसांवर गेला, की ते जहाज पुढच्या आठवड्याच्या जहाजाच्या जागी जाऊन बसतं आणि मधली एक फेरी कागदावरून नाहीशी होते. याला ‘स्लाइड’ म्हणतात. इथे लाइनीने भाड्यासाठी काही केलेलं नसतं, पण आपला कंटेनर यार्डात तसाच पडून राहतो.

यात एक मेख आहे. वक्तशीरपणाची जी टक्केवारी प्रसिद्ध होते, ती बंदरात पोचलेल्या जहाजांवरून काढतात, आणि वेळापत्रकाच्या आगेमागे एक दिवस पोचलेलं जहाज वेळेवर धरतात. सरकलेलं जहाज नव्या आठवड्याच्या वेळापत्रकात चोख बसतं, तर न निघालेली फेरी उशिरा आली असं कुठेच दिसत नाही. म्हणून लाइनीचा आकडा सुधारलेला दिसला तरी माझं कोष्टक मी वेगळं ठेवतो. बुकिंग पक्कं झालं त्या दिवशी सांगितलेली पोचण्याची तारीख एका रकान्यात लिहायची आणि नंतर ती कधीही बदलायची नाही. शेजारी कंटेनर खरोखर उतरल्याची तारीख. लाइनीचं संकेतस्थळ तारीख पुढे ढकलत राहतं. तिथली शेवटची तारीख धरली, तर जगात कुठलंच जहाज उशिरा आलेलं नसतं.

दोन-तीन लाइनींकडे बुकिंग टाकण्याचा सल्ला आम्हीही मनापासून पाळला होता. एका मोसमात मुद्दाम दोन वेगळ्या लाइनींकडे निम्मा-निम्मा माल दिला. रद्द झाल्याचे दोन्ही मेल एकाच दुपारी आले, कारण जहाज एकच होतं. लाइनी एकमेकींच्या जहाजांवर जागा घेतात आणि त्याच सेवेला प्रत्येकीचं नाव वेगळं असतं. मोठ्या आघाड्यांमध्येही हेच चालतं, मग ती ओशन अलायन्स असो वा मर्स्क आणि हापाग-लॉइड यांची फेब्रुवारी २०२५ पासूनची जेमिनी. म्हणून लाइनीचं नाव दुय्यम आहे. बुकिंगवर जहाजाचं नाव बघा, आणि ते सारखं निघालं तर तुमची जोखीम वाटली गेलेलीच नाही.

एकच माल दोनदा बुक करून ऐन वेळी एक रद्द करणं तर माझ्या मते सरळ नुकसानीचं आहे. अशी पोकळ बुकिंगं येतात हे लाइनींना ठाऊक असतं, म्हणून त्या जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतात. मग सगळ्यांचाच माल यार्डात हजर झाला, की कोणाचा तरी कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. त्यालाच ‘रोलओव्हर’ म्हणतात. आधीची फेरी गळाली असेल तर पुढचं जहाज आधीच भरलेलं असतं, आणि तोच कंटेनर दुसऱ्यांदा राहतो. कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेला, यावर नियोजन करू नका. जहाजावर चढल्याची नोंद दिसेपर्यंत तो निघालेला नाही असंच धरा.

आता महिन्याभराचा जादा माल. उदाहरणासाठी चाकणच्या एका कारखान्याला रोज सरासरी १५० कॉम्प्रेसर लागतात आणि ते चीनमधल्या निंगबो बंदरातून येतात असं धरू. खपात रोज ३० चा चढउतार. बुकिंगपासून गोदामापर्यंत सरासरी ४२ दिवस, आणि त्यात सात दिवसांचं प्रमाण विचलन, म्हणजे तारखा सरासरीच्या आगेमागे किती विखुरतात त्याचं माप. शंभरातल्या ९५ वेळा तुटवडा पडू नये यासाठीच्या राखीव साठ्याचा हिशेब असा, आणि त्यातला १.६५ हा त्या ९५ साठीचा गुणक:

```
1.65 × √(42×30² + 150²×7²) ≈ 1760
```

म्हणजे जेमतेम बारा दिवसांचा साठा. महिन्याचा साठा ४५०० नग होतो. नगाला ४००० रुपये धरले, तर वरचे २७४० नग म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख रुपये गोदामात अडकून पडतात.

याच सूत्रात ४२ च्या जागी ५४ घाला, म्हणजे प्रवास कायमचा बारा दिवसांनी लांबला असं समजा. उत्तर १७७० येतं. वाटेतला माल वाढतो, ऑर्डर बारा दिवस आधी द्यावी लागते, पण राखीव साठा जवळपास तेवढाच राहतो. उलट विचलन सातवरून तीन दिवसांवर आणलं, तर तो सुमारे ८१० वर येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. तेव्हा अनेकांनी नुसता लांबलेला प्रवास पाहून राखीव साठा दुप्पट केला. त्यांनी आधी तारखा किती विखुरल्या आहेत ते मोजायला हवं होतं.

या सूत्रालाही मर्यादा आहे. ते उशीर थोडा-थोडा पसरलेला धरतं, पण रद्द फेरी एकदम सात दिवस खाते आणि दोनदा राहिलेला कंटेनर चौदा. म्हणून मी साठा फेऱ्यांत मोजतो. इथे एक फेरी म्हणजे १०५० नग, दोन म्हणजे २१००. चिनी नववर्षाच्या आधी दोन फेऱ्यांचा साठा लागतो. १७६० मध्ये दोनदा राहिलेला कंटेनर निभत नाही. एरवी एक फेरी पुरते, मात्र आपल्या कोष्टकात लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्याचं दिसत असेल तर नाही.

शक्य असेल तिथे आठवड्याचा माल दोन वीस फुटी कंटेनरांत, वेगळ्या जहाजांच्या आणि वेगळ्या वारी सुटणाऱ्या दोन सेवांवर विभागावा. एका चाळीस फुटीपेक्षा भाडं जास्त पडतं, पण एक फेरी गळाली तर १०५० ऐवजी ५२५ नगच अडकतात. दोन्ही खर्च शेजारी मांडून बघा. स्वस्त, अवजड मालात हा हिशेब बसत नाही, कॉम्प्रेसरसारख्या मालात बऱ्याचदा बसतो.

नववर्षासाठीचा जादा माल डिसेंबरमध्येच जहाजावर चढायला हवा, कारण जानेवारीत सगळ्यांनाच जागा हवी असते. आणि एप्रिलमध्ये तो साठा उतरवताना एक ऑर्डर गाळायची आठवण ठेवा. शिवाय फेरी गळाली, की अडकलेले दोन आठवड्यांचे कंटेनर एकाच जहाजाने येतात. तेव्हा ते लाइनीने दिलेल्या फुकट दिवसांच्या मुदतीत रिकामे करायला गोदामात जागा मोकळी असावी लागते, नाहीतर डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर मुदतीपलीकडे अडकवून ठेवल्याचं, बिल येतं.