पुन्हा तेच ‘बिघडलेली पिढी’!

पोरांनी काही नवं उचललं की लगेच ‘पिढी वाया गेली’! अरे, जरा मोजून तरी बघा! १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टनला मॉड्स आणि रॉकर्स या तरुणांच्या टोळक्यांत थोडी हाणामारी झाली. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी नंतर बातम्या तपासल्या. एका गावात किनाऱ्याजवळच्या ‘सगळ्या’ डान्स हॉलच्या काचा फोडल्या, असं छापलेलं. गावात हॉल होता एकच, आणि फुटल्या त्याच्या काही काचा! एकाचे अनेक केले की झाला राक्षस तयार. मग नुसता पेहराव बघून पोलीस हटकतात, बघ्यांची गर्दी जमते, पोरंही चेकाळतात, आणि राक्षस तयार करणारेच म्हणतात, ‘बघा, आम्ही सांगत होतो!’ आजही तेच! एक व्हिडिओ, आणि लगेच ‘सगळीच मुलं’. सगळी म्हणजे किती, ते सांगा ना!