खुलासा: बेरजेत नवी ओळ का आली नाही

असा मेसेज फिरतोय: ‘एक्सेलची बेरीज चुकते, नवा खर्च धरतच नाही. बजेट कॅल्क्युलेटरवर तपासा.’

अरे, बेरीज बरोबर आहे, रेंज अपुरी आहे. एकूण रकमेवर डबल-क्लिक कर. रंगीत चौकट B11 वर संपते आणि नवा ३,५०० चा खर्च B12 मध्ये, म्हणजे चौकटीबाहेर आहे. म्हणून आकडा ४८,००० वरच अडलाय, हवा ५१,५००. रेंजच्या मधोमध ओळ घातली की रेंज वाढते. शेवटच्या ओळीखाली घातली तर कधी वाढते, कधी नाही. त्यावर विसंबू नकोस. B13 मध्ये हे टाक:

```
=SUM(B2:INDEX(B:B,ROW()-1))
```

आता बेरीज नेहमी वरच्या ओळीपर्यंत जाईल. मात्र एकूण रकमेच्या खाली लिहिलेला खर्च यातही येणार नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नकोस. ग्रुपवर हा खुलासा टाक.