गरोदरपणातल्या गोळ्या: फॉरवर्डमधलं कॅलेंडरच उलटं आहे

"ताईंनो लक्षात ठेवा 🙏 पॅरासिटामॉलने बाळ ऑटिस्टिक होते, अमेरिकेने पण सांगितले आहे. पहिले तीन महिने कोणतीच गोळी नको, पण पाचव्या महिन्यानंतर बाळ तयार झालेले असते, मग कॉम्बिफ्लॅम वगैरे बिनधास्त घ्या. सर्दीची गोळी तर साधी असते, ती केव्हाही चालते. सर्व गरोदर महिलांपर्यंत पोहोचवा."

नागपुरात थंडी पडली की हा मेसेज फिरायला लागतो. मी मेडिकलच्या काउंटरवर बसते, त्यामुळे मोबाईल पुढे करून "हे खरं आहे का हो" असं विचारणारे रोज कोणी ना कोणी असतातच, म्हणून एकदाच लिहून टाकते. सुरुवात मधल्या वाक्यापासून करते कारण सगळ्यात धोक्याचं तेच आहे.

कॉम्बिफ्लॅमचा पत्ता उलटा करून पाहा, त्यात आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आहे. प्रश्न पॅरासिटामॉलचा नाही, आयबुप्रोफेनचा आहे. ही जात दुखणं कमी करते ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन अडवून, आणि पोटातल्या बाळाचं नेमकं त्याच रसायनावर बरंच काही चालू असतं. साधारण विसाव्या आठवड्यापासून गर्भपिशवीतलं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं. आईने अशा गोळ्या चालू ठेवल्या तर बाळाच्या किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, लघवी कमी होते आणि पाणी उतरतं. हे बहुतेक वेळा काही दिवस ते काही आठवडे गोळ्या घेतल्यावर दिसतं, पण ४८ तासांतही झाल्याची नोंद आहे. गोळी बंद केली की पाणी बहुधा परत भरतं, पण हे सोनोग्राफीतच कळतं, बाईला स्वतःला काही जाणवेलच असं नाही. म्हणूनच २०२० मध्ये अमेरिकेत औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने सांगितलं की विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या टाळा, डॉक्टरला द्यावीच लागली तर कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस.

तिसाव्या आठवड्यानंतर तर दुसरी भानगड सुरू होते. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नाहीत, म्हणून हृदयाजवळची एक छोटी नळी रक्ताला फुप्फुसं टाळून पुढे नेते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते, तोपर्यंत तिला उघडं ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. गोळीने ती आधीच आकसली तर बाळाच्या हृदयावर ताण येतो. म्हणजे बावा, ज्या महिन्यापासून बिनधास्त म्हणून राहिले, बरोब्बर तिथूनच धोका वाढत जातो! पहिल्या तीन महिन्यांतही डॉक्टर या गोळ्या टाळायलाच सांगतात, पण दिवस गेल्याचं माहीत नसताना एखादी पोटात गेली असेल तर घाबरून रात्र जागवू नका, पुढच्या तपासणीला सांगा.

नावावर जाऊ नका, पत्त्यामागचं बारीक अक्षर वाचा. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड (पाळीच्या दुखण्याला घरात ठेवलेली असते ती), निमेसुलाइड, ही सगळी त्याच कुळातली. कंबरेला चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेलही तेच, अंगात कमी जातं हे खरं, पण शेवटच्या तीन महिन्यांत तेही नको. डोकेदुखीच्या सॅरिडॉनमध्येही पॅरासिटामॉलसोबत प्रोपिफेनाझोन आहे, तीही सोडा.

एक अपवाद नीट वाचा. बीपी वाढायचा धोका असलेल्या बायांना डॉक्टर ७५ किंवा १५० मिलिग्रॅमची अॅस्पिरिन रोज देतात, ती मुद्दाम दिलेली असते. हे वाचून ती बंद करू नका. डोकं दुखलं म्हणून डिस्प्रिन विरघळवून पिणं वेगळं, ते नको.

आता अमेरिकेचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत गरोदर बायांना पॅरासिटामॉल घेऊ नका म्हटलं, एवढं खरं. पण त्याच वेळी एफडीएने डॉक्टरांना जे पत्र लिहिलं त्यात पॅरासिटामॉलमुळेच ऑटिझम होतो हे सिद्ध झालेलं नाही असंच होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही दोनच दिवसांत तसा ठोस पुरावा नसल्याचं सांगितलं. मला स्वतःला सगळ्यात पटलेला अभ्यास २०२४ चा स्वीडनचा आहे, जवळपास २५ लाख मुलांचा. वरवर पाहिलं तर पॅरासिटामॉल घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम किंचित जास्त दिसला, पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, तर फरक गायब. म्हणजे फरक गोळीचा नव्हता, घराण्याचा, आजारपणाचा, अशा बाकीच्या गोष्टींचा होता. उलट गोळीच्या भीतीने सुरुवातीच्या आठवड्यांत जोराचा ताप तसाच अंगावर काढणं बाळाच्या मणक्यासाठी वाईट. ताप-दुखण्याला पहिली पसंती पॅरासिटामॉललाच आहे, गरजेपुरती आणि थोडे दिवस. आणि आपल्याकडे तापाचं कारण डेंग्यू असू शकतं, तेव्हा तर आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकने रक्तस्राव वाढू शकतो, हा अजून एक मुद्दा.

राहिली "साधी" सर्दीची गोळी. समजा महालमधली एक बाई, सातवा महिना, नाक बंद, अंग तापलेलं. घरात डोलो ६५० आहे, म्हणजे पॅरासिटामॉलच, ती दिवसातून चारदा घेते. शिवाय नवरा सर्दीची गोळी आणतो, ती तीनदा. आता सर्दीच्या अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल ५०० असतंच. ६५० चोक २६०० आणि ५०० त्रिक १५००, झाले ४१०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची २४ तासांची मर्यादा ४००० आहे, बारीक अंगाच्या बाईला त्याहून कमी. हिशोब चुकला हे तिला कळतही नाही कारण दोन पत्त्यांवर दोन वेगळी नावं आहेत. जास्त पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं, आणि सुरुवातीला मळमळीपलीकडे फारसं काही दिसत नाही.

त्या गोळीतला दुसरा घटक बहुतेक वेळा फिनाइलएफ्रिन, नाक मोकळं करायला घातलेला. तो रक्तवाहिन्या आकसवतो, बीपीवाल्या गरोदर बाईला नकोच, आणि गंमत म्हणजे तोंडाने घेतला तर नाकाला उपयोगच होत नाही असं एफडीएच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. स्यूडोएफेड्रिन असेल तर पहिल्या तीन महिन्यांत विशेष टाळतात. तिसरा घटक अॅलर्जीचा, क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन, हे बरेच वर्षांपासून वापरात आहेत आणि तसे चालतात, फक्त झोप आणतात.

म्हणून मी मिश्र गोळी देतच नाही. ताप असेल तर साधं पॅरासिटामॉल ५००, एक किंवा दोन, दोन डोसमध्ये चार ते सहा तास. नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, हवे तितक्यांदा. वाफ, गुळण्या, मध. झायलोमेटाझोलिनचे थेंब डॉक्टर म्हणाले तरच आणि तीन-चार दिवसच, नाहीतर सोडल्यावर नाक आणखी चोंदतं. खोकल्याच्या कोडीनवाल्या बाटलीला हात नको. काढ्यात ज्येष्ठमध मूठभर घालू नका, त्यानेही बीपी वाढतं.

आणि विसाव्या आठवड्यानंतर डोकं फुटेल असं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकतंय, छातीच्या खाली पोटात दुखतंय, चेहरा-हात सुजलेत, तर ती सर्दी नसू शकते. त्यावर गोळी शोधत माझ्याकडे येऊ नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी तुमच्या दवाखान्यात नाहीतर डागा, मेयो अशा सरकारी रुग्णालयात जा आणि आधी बीपी मोजायला सांगा.