विष टोचणारे आणि विष बाळगणारे

"नागही विषारी आणि भेकही विषारी, मग सातवीच्या मुलांना फरक कसा सांगायचा?"

मराठीत दोघांना एकच शब्द असल्याने हा घोळ होतो, म्हणून मी वर्गात विष शरीरात कोणत्या वाटेने शिरते एवढेच विचारते. नाग दातांनी विष टोचतो. भेकाच्या डोळ्यांमागील फुगीर ग्रंथींत विष असते, पण टोचण्याचे साधन त्याच्याकडे नसल्यामुळे त्याला तोंडात धरणाऱ्या कुत्र्यालाच त्रास होतो आणि त्याच्या तोंडाला फेस येतो. नागाचे विष मुख्यतः प्रथिनांचे असल्याने पोटात ते बहुतांशी पचते, मात्र तोंडात जखम असल्यास ते रक्तात जाऊ शकते, त्यामुळे हा प्रयोग कोणीही करू नये. भेकाच्या विषाचे रेणू लहान असतात; ते आतड्यातून शोषले जाऊन हृदयावर परिणाम करतात.

मुलांना सर्वांत आवडते ते जपानमधील यामाकागाशी सापाचे उदाहरण, कारण तो दोन्ही गटांत बसतो. त्याच्या मागच्या दातांचा दंश माणसाला प्राणघातक ठरू शकतो आणि शिवाय मानेवरच्या ग्रंथींत तो खाल्लेल्या भेकांचे विष साठवतो. हे उसने विष आहे हे कशावरून? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भेक नसलेल्या किंकासान बेटावरील सापांच्या मानेत ते आढळले नाही, तर भेकांनी भरलेल्या इशिमा बेटावरील सापांत ते भरपूर होते. दंशाचे विष मात्र साप स्वतःच्या शरीरात तयार करतो, त्यासाठी त्याला भेक खावे लागत नाहीत.